गव्हाळ रंग, घारे डोळे आणि कानांशी पांढरे केस

वाचकाचं पत्र:

ताई, माझं वय 31. डोंबिवलीत राहते, बीकेसीला नोकरी. पंचविशीतच कानांच्या वर आणि भांगाशी केस पांढरे व्हायला लागले. चार वर्षं घरीच काळा रंग लावतेय, दर वीस दिवसांनी. आता तो काळा चेहऱ्यावर अंगावर आल्यासारखा वाटतो, फोटोत तर विग घातल्यासारखं दिसतं. माझा रंग गव्हाळ आहे, डोळे आजीसारखे घारे. मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसतात म्हणजे माझ्या त्वचेची झाक ‘वॉर्म’, उबदार, असं वाचलं. पण मला सोन्यापेक्षा चांदी शोभते, म्हणजे ती ‘कूल’, थंड? पार्लरवाली बरगंडी कर म्हणते, आई म्हणते मेंदी लाव. तुळशीचं लग्न झालं की भावाचं लग्न आहे, हातात सात-आठ आठवडे आहेत. मला नेमका कोणता रंग शोभेल?
– एक वाचक, डोंबिवली

मैत्रिणी,

शिरा आणि चांदी जरा बाजूला ठेवू. आधी तुझ्या डोक्यावर मुळात कोणता रंग आहे ते बघायचं. शेवटचं रंगवून तीन आठवडे होऊ देत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तोवर मुळाशी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास नवे केस आलेले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीपाशी बस, भांग पाड, आणि त्या नव्या केसांतले पांढरे सोडून उरलेले कसे दिसतात ते आईला किंवा बहिणीला नीट बघायला सांग. बहुतेक ते काळे नसतील. दादरला माझं पार्लर आहे, तिथे गेल्या 27 वर्षांत घाऱ्या डोळ्यांच्या ज्या मुली-बायका आल्या, त्यांतल्या फार थोड्यांचे केस खरोखर काळेभोर होते. बाकीच्यांचे गडद तपकिरी, उन्हात किंचित तांबूस. ‘काळे केस’ हा आपला बोलण्यातला शब्द आहे. आपण त्या शब्दाला जागून डबी आणतो आणि डोक्यावर नसलेला रंग लावतो.

रंगाच्या पेटीवर एक आकडा असतो, तो वाचायला शिकलीस तर अर्धं काम झालं. पहिला आकडा केस किती गडद ते सांगतो. 1 म्हणजे काळा, 3 म्हणजे गडद तपकिरी, 4 मध्यम तपकिरी, 5 फिका तपकिरी, आणि 10 म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस जन्मतः 1 ते 3 मध्ये बसतात. बिंदूनंतरचा आकडा छटा सांगतो. बऱ्याच कंपन्यांत 0 म्हणजे कुठलीही छटा नसलेला नैसर्गिक, 1 राखाडी, 3 सोनेरी, 4 तांब्याचा, 5 महोगनी, 6 लाल. काही कंपन्यांत आकड्याऐवजी अक्षर असतं आणि सगळ्यांचे आकडे सारखे नसतात, म्हणून पेटीवरचा छोटा तक्ता बघितल्याशिवाय नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

तू चार वर्षं लावलास तो 1 असणार, कदाचित निळसर काळा. तुझे स्वतःचे केस 3 च्या आसपास असतील तर विगसारखं का दिसतं ते लगेच कळेल. मुळातल्या केसांत सगळे केस एका रंगाचे नसतात, कपाळाकडचे जरा फिके, मागचे गडद, टोकं उन्हानं तांबूस झालेली. काळा रंग हा फरक पुसून टाकतो. त्यातून घरी रंगवताना आपण दर वेळी मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे लावतो, त्यामुळे खालच्या केसांवर थरावर थर चढतात आणि टोकं मुळांपेक्षाही काळी, निर्जीव दिसायला लागतात. हे आजच बंद कर. यापुढे रंग फक्त नव्या वाढीला लावायचा. टोकांना वर्षातून एखाद्या वेळी, तेही शेवटची पाच मिनिटं.

वीस दिवसांचं चक्रही त्या काळ्यामुळेच आहे. पांढरा केस आणि काळा रंग यांच्यातलं अंतर सर्वात जास्त, म्हणून अर्धा सेंटिमीटर वाढ झाली तरी भांगात चुन्याची रेघ ओढल्यासारखी दिसते. तेवढीच वाढ गडद तपकिरी केसांत आठ-दहा दिवस उशिरा खुपते.

आता शिरांचं. मनगटाची परीक्षा गोऱ्या, पातळ कातडीच्या लोकांसाठी निघाली आणि तिथेही ती ढोबळच आहे. शिरेतलं रक्त हिरवं नसतं आणि निळंही नसतं. वरच्या त्वचेतून आरपार जाताना प्रकाश जसा गाळला जातो तशी ती दिसते. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त आणि पिवळसरपणाही असतो, त्यामुळे गव्हाळ रंगाच्या दहाजणींच्या हातावर बघ, बऱ्याचजणींच्या शिरा हिरवटच दिसतील. सावळ्या हातावर कित्येकदा दिसतच नाहीत. चांदीचंही तसंच. आपण लहानपणापासून सोनं लग्नकार्यात घालतो आणि चांदी रोज, त्यामुळे कशात आपण ‘आपल्यासारखे’ वाटतो हा सवयीचाही भाग असतो.

शिरा हिरव्या, पण चांदी शोभते, असं दोन्हीकडचं उत्तर आलं की मला वाटतं ती मुलगी मधली असावी. गव्हाळ रंगात एक पिवळट-हिरवट झाक असलेला प्रकार आपल्याकडे खूप आहे. त्याला मेकअपच्या भाषेत ऑलिव्ह म्हणतात. तो वॉर्मच्या खात्यात टाकला तर फसतो आणि कूलच्या खात्यातही फसतो. फार सोनेरी केस केले तर चेहरा पिवळा पडतो आणि फार राखाडी केले तर थकलेला दिसतो.

पण हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही, तूच ठरव. त्यासाठी आईचं कपाट उघड. सकाळचीच वेळ, खिडकीशी, पण अंगावर थेट ऊन नको. तोंड धुतलेलं, काजळ-लिपस्टिक काहीही नाही. भिंत गुलाबी किंवा पिवळी असेल तर तिचा रंगही गालावर पडतो, म्हणून समोर पांढरी चादर टांग. आणि केस पांढऱ्या टॉवेलमध्ये पूर्ण गुंडाळून घे. हे बहुतेकजणी करत नाहीत. त्या काळ्या केसांच्या चौकटीतच स्वतःला बघतात आणि परीक्षा वाया जाते.

मग जोडीजोडीनं साड्या, ओढण्या गळ्याशी धर. एकदा राणी रंग, मग विटकरी. एकदा शुभ्र पांढरा, मग मोतिया. साडी सुंदर दिसते का ते बघायचं नाही, तोंडाकडे बघायचं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकाच्या कडा, ओठांभोवतीचा सावळेपणा या तीन जागा कुठल्या रंगात उठून दिसतात आणि कुठल्या रंगात मावळतात, तेवढंच. विटकरी आणि मोतियात त्या मावळल्या तर तुझी त्वचा उबदार बाजूची, राणी आणि शुभ्र पांढऱ्यात मावळल्या तर थंड बाजूची, आणि दोन्हीकडे फारसा फरक पडला नाही तर मधली. फोनवर दोन वेगळे फोटो काढून तुलना करू नकोस, कॅमेरा प्रत्येक फोटोचा रंग आपल्या आपण बदलतो. फोटो काढायचाच असेल तर एका खांद्यावर एक आणि दुसऱ्या खांद्यावर दुसरी साडी घेऊन एकाच फोटोत काढ.

आणि शेवटची जोडी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: निव्वळ काळी ओढणी आणि कॉफी रंगाची ओढणी. पण या गळ्याशी नाही, डोक्यावरून घ्यायच्या, पदर घेतल्यासारख्या, केस असतात तिथे. इथे उबदार-थंडपेक्षाही गडदपणाचा फरक कळतो. आपल्याकडच्या चेहऱ्यांसाठी मी छटेआधी गडदपणा ठरवते. गडदपणा बरोबर असेल आणि छटा थोडी चुकली तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण गडदपणा चुकला तर छटा कितीही बरोबर असो, केस उपरे दिसतात.

डोळ्यांचा संबंध इथेच येतो. निळे, हिरवे, राखाडी डोळे धरून केलेले तक्ते आपल्या कामाचे नाहीत. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी असतात, आणि ते डोळे 2 किंवा 3 चे केस सहज पेलतात, कारण बुबुळ आणि केस जवळजवळ एकाच वजनाचे असतात. सावळ्या, गडद डोळ्यांच्या मुलीनं 6 किंवा 7 चा सोनेरी केला की केसांना धूळ लागल्यासारखं दिसतं, तिला 3 मधली महोगनीची किंवा वांगी कलरची झाक खूप छान दिसते. घाऱ्या डोळ्यांचं वेगळं. आरशात जवळून बघ. बुबुळाच्या कडेला एक गडद वर्तुळ असेल आणि आत मधासारखे, कुठे हिरवट ठिपके. मी केसांचा गडदपणा त्या कडेच्या वर्तुळावरून घेते आणि छटा आतल्या ठिपक्यांवरून, पण अगदी नावापुरती. भुवयाही बघायच्या. केस भुवयांपेक्षा दोन पायऱ्यांहून फिके गेले तर भुवया चिकटवल्यासारख्या दिसतात.

हे सगळं धरून तुझ्यासाठी माझा अंदाज 3.0 चा आहे, पुढे कधीतरी 4.0 मध्ये चिमूटभर सोनेरी मिसळलेला. कपड्यांच्या परीक्षेत तू थंड बाजूची निघालीस तर तो सोनेरी सोडून दे, 4.0 वरच थांब. तीन निष्कर्षांत मिळून फरक एवढाच पडतो. उबदार की थंड या प्रश्नानं इतकं हैराण व्हायचं कारण नाही, ते मला याचसाठी म्हणायचं होतं.

बरगंडीचा मोह मला समजतो. पण पार्लरच्या तक्त्यावरची ती सुरेख लालसर झुबकी पांढऱ्या नायलॉनच्या किंवा उजळलेल्या केसांवर रंगवलेली असते. तुझ्या डोक्यावर दोन प्रकारचे केस आहेत आणि एकच रंग त्यांवर दोन वेगळ्या गोष्टी करतो. कायमच्या रंगातलं डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. पांढरे केस झाकायला ते 6 टक्क्यांचं वापरतात, त्यालाच पार्लरमध्ये 20 व्हॉल्यूम म्हणतात. ते काळ्या केसातलं मूळ रंगद्रव्य थोडं उजळतं आणि त्या जागी नवा रंग बसवतं. मूळ रंगद्रव्य उरलेलं असतंच, म्हणून काळ्या केसावर बरगंडी फक्त उन्हात चमकते, घरात दिसतही नाही. पांढऱ्या केसात मात्र रंगद्रव्यच नसतं. तिथे बरगंडी आहे तशी, उघडी-नागडी बसते. माझ्याकडे एक बाई दुसरीकडून बरगंडी करून आल्या होत्या. मागचे केस काळेच, आणि कानांच्या वर रताळ्याच्या सालीच्या रंगाचे दोन पट्टे. त्या दोन महिने कान झाकून केस बांधत होत्या. तुझे पांढरे नेमके तिथेच आहेत.

लाल झाक हवीच असेल तर तिला नैसर्गिक छटेचा आधार द्यावा लागतो. अर्धा 4.0 आणि अर्धा 4.5 असं मिसळलं की पांढऱ्या केसावर आधी तपकिरी बसतो आणि लाल त्यात मुरतो. पांढरे जितके जास्त, तितका नैसर्गिकचा वाटा जास्त. कुठल्याही पार्लरमध्ये फॅशन शेड घेण्याआधी एवढं विचार: ‘नैसर्गिक किती मिसळणार?’ उत्तर ‘काही नाही’ असं आलं आणि तुझ्या कानांशी पांढरे असतील, तर नको म्हण.

अजून एक अडचण आहे, ती आधीच सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. काळ्या रंगवलेल्या केसांवर 4 चा तपकिरी लावला तर ते तपकिरी होत नाहीत. रंगानं रंग उजळत नाही. तू नुसता 4 लावलास तर मुळं तपकिरी आणि खाली काळे, असं दोन मजली दिसेल. काळा काढायचा तर रंग काढायचं रसायन किंवा ब्लीच लागतं, आणि चार वर्षांचे थर असलेले केस त्यात आधी विटकरी, मग भगवे होतात, ठिकठिकाणी वेगवेगळे. भावाच्या लग्नाच्या तोंडावर हे करू नकोस, घरी तर कधीच करू नकोस. म्हणूनच मी आत्ता 3.0 म्हणते. 1 आणि 3 मधला सांधा फक्त उन्हात दिसतो. खालचे काळे केस दर तीन महिन्यांनी दोन-दोन इंच काप. खांद्यापर्यंतचे असतील तर साधारण दीड वर्षात ते संपतात, आणि मग 4 कडे जाता येतं.

आता हातातल्या आठवड्यांचं बघू. पहिले तीन आठवडे काहीही लावायचं नाही. ऑफिसला जायचंच आहे, तेव्हा मुळांसाठी धुतल्यावर निघून जाणारी पावडर किंवा काडी मिळते, तपकिरी रंगाची घे. या दिवसांत तुझे खरे पांढरे किती ते कळेल. चौथ्या आठवड्यात जो रंग लावणार तो आणून कानामागे पेटीवर दिल्याप्रमाणे थोडा लाव आणि 48 तास वाट बघ. चार वर्षं रंगवतेय, मला काही होत नाही, असं म्हणू नकोस. या रंगांतलं पीपीडी नावाचं द्रव्य कितीतरी वर्षं चालतं आणि एके दिवशी अचानक चालेनासं होतं. आधी खूण देतं: रंगवल्यावर कपाळाच्या रेषेला खाज, कानांच्या पाळ्या लाल, पापण्या जड. असं याआधी कधी झालं असेल तर रंग पूर्ण थांबव आणि त्वचेच्या डॉक्टरांकडून चाचणी करून घे. ‘अमोनिया नाही’ असं पेटीवर लिहिलेलं असलं तरी पीपीडी असू शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

48 तासांत काही झालं नाही तर एका कानाच्या मागच्या बाजूचे चार पांढरे केस रंगवून बघ. त्यांवर जो रंग येईल तोच सगळ्या पांढऱ्यांवर येणार. पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा मुळं रंगव. सुरुवात कानांपासून आणि कपाळापासून, कारण तिथले पांढरे केस जाड आणि हट्टी असतात, रंग लवकर घेत नाहीत. तिथे जरा जाड थर, मग भांग, शेवटी मागचं. वेळ पेटीवर असेल तितकीच, पण तीही पूर्ण. पांढऱ्यांसाठी बहुतेक 35 ते 45 मिनिटं दिलेली असतात. घाईघाईनं 20 मिनिटांत धुतलं की पांढरे अर्धवट, काचेसारखे दिसतात आणि दोन आठवड्यांत पुन्हा उघडे पडतात. कपाळाला आणि कानांना आधी व्हॅसलीन लाव, रंग दाट तेलाच्या थरातून त्वचेत शिरत नाही.

शेवटचा हात लग्नाच्या पाच-सहा दिवस आधी. आदल्या दिवशी केलं तर टाळूवर डाग राहतात आणि रंग अजून ताजा, सपाट दिसतो. दोन वेळा केस धुतले की तो बसतो. दोन्ही वेळचा आकडा, किती मिनिटं ठेवला आणि कुठली कंपनी, ते वहीत लिहून ठेव. पुढच्या वेळी दुसरी कुणी रंगवणार असेल तर तिच्या हातात तेच दे.

पार्लरमध्ये जाणार असशील तर अजून एक पर्याय विचार, तो तुला कुणी सुचवलेला दिसत नाही. डेमी-परमनंट नावाचा रंग असतो. त्यात डेव्हलपर सौम्य असतं, तो काळा केस उजळवत नाही, फक्त पांढऱ्यावर हलका तपकिरी चढवतो आणि वीस-पंचवीस धुण्यांत हळूहळू फिका होतो. पांढरे पूर्ण झाकले जात नाहीत, पण ते केसांत मुद्दाम केलेल्या बारीक तपकिरी रेघांसारखे दिसतात, आणि उतरताना भांगात रेघ पडत नाही. पांढरे चौथ्या भागापेक्षा कमी असतील तर मी हाच आधी करून बघते. मर्यादा एवढीच, की कानांशी जे हट्टी केस आहेत त्यांवर तो कमी चढतो. इथे मी तुला एक विचारते. एकही पांढरा दिसता कामा नये, हे तुझं ठरलेलं आहे का? लग्नाच्या फोटोंसाठी तसं वाटणं अगदी बरोबर आहे. पण वर्षाचे बाकीचे दिवस कानाशी दोन-चार फिके केस चालणार असतील, तर वीस दिवसांचा फेरा पाच-सहा आठवड्यांवर जाईल आणि टाळूला दर वर्षी निम्मी रसायनं कमी लागतील.

आईच्या मेंदीबद्दल. शुद्ध मेंदीतला रंग लॉसोन या द्रव्याचा. तो काळा केस उजळत नाही आणि पांढऱ्याला नारिंगी-विटकरी करतो. तुझ्या कानांशी विटकरी पट्टे उठतील, वर काळा रंग असेल तर अजूनच. मेंदीनंतर नीळ लावली तर तो विटकरी गडद तपकिरी ते काळा होतो, आणि ज्यांना पीपीडी चालत नाही त्यांना मी हाच मार्ग सुचवते. पण त्याला दोन वेगळे टप्पे, दोन्ही मिळून चार-पाच तास लागतात, आणि पहिल्या दिवशी रंग हिरवट दिसू शकतो, एक-दोन दिवसांत तो गडद होतो. ‘काळी मेंदी’ म्हणून जी पुडी मिळते ती मात्र मेंदी समजू नकोस. मेंदी केसांना काळं करूच शकत नाही. ती काळं करते म्हणजे आत नीळ किंवा पीपीडी आहे, आईला मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचून दाखव. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, त्यांवर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात आणि तुटतात. म्हणून आत्ता मेंदी आणि महिन्याभरानं रंग, असं दोन्ही करू नकोस. कुठलीही पुडी आधी लावलेली असेल तर पार्लरमध्ये सांग आणि आधी चार केसांवर चाचणी करायला लाव.

पंचविशीत पांढरे सुरू झाले त्याबद्दल एक गोष्ट, थोडक्यात. आशियाई लोकांत 25 च्या आधी सुरू झाले तर डॉक्टर त्याला अकाली म्हणतात, तू अगदी सीमेवर होतीस. बहुतेक वेळा ते आई-वडिलांकडून आलेलं असतं. तरी बी-12, थायरॉइड आणि लोह एकदा तपासून घे, विशेषतः घरात शाकाहार असेल तर. कमतरता निघाली तर ती भरून काढायचीच, मात्र पांढरे झालेले केस त्यानं परत काळे होतीलच असं नाही.

आणि ट्रेनमध्ये दारात उभी राहत असशील, तर ऑक्टोबरच्या उन्हात नवा रंग झपाट्यानं तांबूस होतो. स्टेशनला जाताना ओढणी डोक्यावरून घे. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर निदान रंगवल्यानंतरची पहिली दोन धुणी नळाच्या पाण्यानं कर, दोन बादल्या आदल्या रात्री भरून ठेव.

कपड्यांची परीक्षा केलीस की मला कळव, कुठल्या साडीत काळी वर्तुळं मावळली ते. राणीत मावळली असतील तर सोनेरीबद्दल मी वर लिहिलेलं खोडून टाक.